वांझ करणारं जनुक पसरतं कसं? जीन ड्राइव्हच्या डासांबद्दल

प्रश्न: "आफ्रिकेत मलेरियाच्या डासांमध्ये असं जनुक घालणार आहेत म्हणे की त्यांच्या माद्या वांझ निघतात. मला हे कळत नाही की वांझ करणारं जनुक पुढे जाईलच कसं? एक-दोन पिढ्यांत तेच संपायला हवं ना? आणि समजा डास संपलेच, तर बेडूक, वटवाघळं, पाकोळ्या खाणार काय? जालन्यातही असे डास आणले होते ना?"

तुमची पहिली शंका अगदी बरोबर आहे. वारशाचे नेहमीचे नियम लागू असते, तर हे जनुक खरंच काही पिढ्यांत बाद झालं असतं. ते टिकतं, वाढतं आणि शेवटी सगळ्या डासांत पोचतं, त्याचं कारण दोन गोष्टींच्या जोडीत आहे. एक म्हणजे ते निम्म्या पिल्लांत न जाता जवळजवळ सगळ्या पिल्लांत जातं; असं स्वतःला पुढे रेटणाऱ्या जनुकाच्या रचनेलाच जीन ड्राइव्ह किंवा नुसतं ड्राइव्ह म्हणतात. दुसरी म्हणजे त्याचा मोठा फटका फक्त दोन्ही बाजूंनी ते मिळालेल्या मादीला बसतो. नर ठणठणीत राहतात, आणि एकच प्रत असलेली मादीही अंडी घालते. म्हणजे जनुकाला पसरायला वाहन मिळतं, आणि त्याची किंमत उशिरा वसूल होते.

मी बरीच वर्षं डासांवर काम करते आहे. त्यातला मोठा काळ पैदास कक्षात गेला, शहरी मलेरिया पसरवणारा अ‍ॅनाफिलीस स्टीफेन्सी वाढवण्यात. ड्राइव्ह असलेले डास मी स्वतः पाळलेले नाहीत. पण चमकणारी खूण घातलेले, साध्या जनुकबदलाचे डास हाताळले आहेत. त्या अळ्या सूक्ष्मदर्शकाखाली विशिष्ट प्रकाशात ठेवल्या की ज्यांच्यात खूण आहे त्यांचे डोळे लाल चमकतात. एक प्रत असलेला नर आणि साधी मादी यांच्या दोनशे अळ्या मोजल्या तर शंभराच्या आसपास चमकतात, कधी ९४, कधी १०७. हा निम्म्याचा हिशेब इतका अंगवळणी पडलेला असतो की ड्राइव्हच्या प्रयोगांतले आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी ते दोनदा तपासले. तिथे शंभरातल्या ९५ हून जास्त अळ्या चमकतात.

आता हे होतं कसं ते पाहू. डासाला प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. ड्राइव्हच्या तुकड्यात तीन गोष्टी असतात: कॅस९ नावाची 'कात्री', ती कुठे चालवायची हे सांगणारा मार्गदर्शक आरएनए, आणि ओळखीसाठी ती चमकणारी खूण. हा तुकडा लक्ष्य जनुकाच्या बरोबर मधोमध बसवलेला असतो. डासाच्या बीजपेशी तयार होताना कात्री जागी होते आणि समोरच्या, म्हणजे दुसऱ्या गुणसूत्रावरच्या अखंड प्रतीला त्याच ठिकाणी कापते. तुटलेला डीएनए दुरुस्त करणं पेशीला भागच असतं. दुरुस्तीसाठी ती शेजारच्या प्रतीचा नमुना वापरते, आणि त्या प्रतीत तर ड्राइव्ह बसलेला असतो. त्यामुळे दुरुस्ती करता करता पेशी तो अख्खा तुकडाच उतरवून घेते. एका प्रतीच्या दोन होतात, आणि त्या डासाच्या जवळपास प्रत्येक शुक्राणूत किंवा अंड्यात ड्राइव्ह जातो. हे फक्त बीजपेशींत घडावं अशी रचना केलेली असते. डासाच्या उरलेल्या शरीरात एक प्रत शाबूत राहते, म्हणून तो जगतो, उडतो, समागम करतो.

याचं सर्वांत नीट तपासलेलं उदाहरण २०१८ सालचं आहे, लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधल्या आंद्रेआ क्रिसांती यांच्या गटाचं. डास आफ्रिकेतला अ‍ॅनाफिलीस गॅम्बिए, आणि लक्ष्य 'डबलसेक्स' नावाचं जनुक. ही निवड फार विचारपूर्वक झाली होती. डबलसेक्समुळे अळीचा नर होणार की मादी हे ठरतं. हे एकच जनुक नरात एका पद्धतीने वाचलं जातं आणि मादीत दुसऱ्या, कारण त्याचा पाचवा तुकडा फक्त मादीच्या वाचनात येतो. ड्राइव्ह नेमका त्या पाचव्या तुकड्याच्या सुरुवातीला बसवला. नराच्या वाचनात तो भाग येतच नाही, त्यामुळे नरावर परिणाम नाही. मादीला दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळाल्या, तर ती धड मादीही होत नाही आणि नरही होत नाही. तिची सोंड त्वचा टोचण्याइतकी घडत नाही, म्हणून ती चावू शकत नाही, आणि ती अंडीही घालत नाही.

त्यांच्या पिंजऱ्यात सुरुवातीला ६०० डास होते: ३०० साध्या माद्या, १५० साधे नर आणि ड्राइव्हची एक प्रत असलेले १५० नर. म्हणजे शंभरात पंचवीस वाहक. ड्राइव्ह ९७ टक्के पिल्लांत जातो असं धरून मी खाली कागदावरचा ढोबळ हिशेब करते आहे, म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर डोळ्यांसमोर येईल.

पहिल्या पिढीत निम्म्या माद्यांचा जोडीदार वाहक नर असतो. त्यांची जवळजवळ सगळी पिल्लं वाहक निघतात, म्हणून शंभरातले साधारण ४९ वाहक होतात. या सगळ्यांत एकच प्रत आहे, त्यामुळे कुठलीही मादी अजून वांझ नाही. दुसऱ्या पिढीत वाहक-वाहक जोड्या जमू लागतात आणि वाहक ७२ वर जातात. त्यातल्या सुमारे २२ जणांत दोन प्रती असतात, आणि वांझपणा इथे पहिल्यांदा दिसतो, तोही फक्त त्यांतल्या माद्यांत. तिसऱ्या पिढीत वाहक ८९ आणि दोन प्रतींचे ४४. म्हणजे माद्या मोठ्या संख्येने वांझ व्हायला लागतात तोवर जनुक जवळपास सगळीकडे पोचलेलं असतं. हेच जनुक साध्या वारशाने चाललं असतं तर पहिल्या पिढीत वाहक २५, दुसऱ्या पिढीत २३, आणि पुढे हळूहळू उतरण, अगदी तुम्ही म्हणता तशी.

प्रत्यक्षात वेग माझ्या हिशेबापेक्षा कमी होता, कारण एकच प्रत असलेल्या माद्यांचीही अंडी काही प्रमाणात घटतात. तरी दोन पिंजऱ्यांपैकी एकात सातव्या आणि दुसऱ्यात अकराव्या पिढीपर्यंत एकूण एक डास वाहक झाला. अंडी कमी कमी होत शेवटी थांबली आणि दोन्ही पिंजरे रिकामे झाले. पुढे इटलीतल्या तेर्नी इथे मोठ्या, खोलीएवढ्या पिंजऱ्यांत, निरनिराळ्या वयाचे डास एकत्र ठेवून हाच प्रयोग केला, आणि तिथेही वर्षभराच्या आत डास संपले. ते निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

यावरून सगळं सरळ आहे असं वाटेल, म्हणून फसलेला प्रयोगही सांगते. याच गटाने २०१६ मध्ये माद्यांच्या प्रजननाला लागणाऱ्या दुसऱ्या जनुकांवर ड्राइव्ह तयार केले होते. त्यातला एक पिंजऱ्यात सोडल्यावर पहिल्या काही पिढ्या झपाट्याने वाढला, मग थबकला आणि मागे हटू लागला. कारण त्या कापण्यातच होतं. कापलेली जागा दुरुस्त करायला पेशीकडे आणखी एक मार्ग असतो. शेजारचा नमुना न पाहता ती तुटकी टोकं नुसती जोडून टाकते. असं जोडताना दोन-चार अक्षरं गळतात किंवा वाढतात. मग कात्रीला आपली जागा ओळखू येत नाही, आणि ती प्रत कायमची सुरक्षित होते. या गडबडीत जनुकाचं काम बिघडलं तर फारसं नुकसान नाही, कारण ती प्रतही वांझच करते. पण काम शाबूत राहिलं आणि कात्रीही चालेनाशी झाली, तर अशा मादीची चंगळ असते. आजूबाजूच्या माद्या वांझ होत असताना तिची पिल्लं भरभरून वाढतात. एखाद्या कीटकनाशकाला दाद न देणारे डास जसे काही वर्षांत सगळीकडे दिसू लागतात, तसंच हे.

डबलसेक्सच्या त्या जागेची खरी किंमत इथे कळते. ती अक्षरमाला इतकी नाजूक आहे की त्यात बदल झाला तर जनुक काम करेनासंच होतं. आफ्रिकेतल्या निरनिराळ्या भागांतून पकडलेल्या शेकडो जंगली डासांत ती जवळजवळ जशीच्या तशी सापडली. २०१८ च्या पिंजऱ्यांत बदललेल्या प्रती निर्माण झाल्या, पण एकही कामाची नव्हती, म्हणून त्या पसरल्या नाहीत. तरीही पिंजऱ्यात दर पिढीला काही शे डास होते आणि रानात ते कोट्यवधी असतात. शेकड्यांत न दिसलेली गोष्ट कोटींत दिसू शकते. म्हणून एकाऐवजी दोन ठिकाणी कापणाऱ्या रचना तपासल्या जात आहेत. दोन्ही ठिकाणी एकाच वेळी सोयीचा बदल होणं कितीतरी दुर्मीळ. प्रतिकार आलाय हे ओळखायची रीत मात्र साधी आहे. वाहकांचं प्रमाण चढत जाऊन एकदम उतरू लागलं आणि अंड्यांची संख्या परत वाढू लागली, की न चमकणाऱ्या अळ्या वेगळ्या काढायच्या आणि त्यांची ती जागा अक्षर अक्षर वाचायची.

पिंजरा आणि रान यांत आणखी एक फरक आहे, तो आम्हा अळ्या वाढवणाऱ्यांना रोज दिसतो. एका ट्रेमध्ये जास्त अळ्या टाकल्या की बऱ्याच मरतात आणि उरलेल्या खुरट्या राहतात. निम्म्याच टाकल्या तर त्यातल्या बहुतेक जगतात आणि डास धष्टपुष्ट निघतात. डबक्यातही हेच. त्यामुळे अंडी निम्म्यावर आली म्हणून उडणारे डास निम्म्यावर येत नाहीत. सुरुवातीचा मोठा काळ गावात काहीच फरक पडलेला दिसणार नाही, आणि उतार लागेल तो बराच उशिरा. शिवाय एका भागातले डास संपले की शेजारून साधे डास त्या मोकळ्या जागेत शिरतात आणि ड्राइव्ह त्यांच्या मागून येतो. असा पाठलाग वर्षानुवर्षं चालू शकतो. म्हणून 'कायमचे नष्ट' हा शब्द मी रानासाठी वापरत नाही.

आता बेडूक आणि वटवाघळं. या एका काळजीबाबत मी तुम्हाला बऱ्यापैकी निश्चिंत करू शकते. जगात डासांच्या साडेतीन हजारांच्या आसपास जाती आहेत, आणि इथे बोलणं चाललंय ते एकीबद्दल, फार तर तिच्या अगदी जवळच्या बहिणींबद्दल. अ‍ॅनाफिलीस गॅम्बिए पावसानंतर साचलेल्या उथळ, उन्हातल्या डबक्यांत वाढतो: गुरांच्या खुरांचे खड्डे, गाडीच्या चाकोऱ्या. ही डबकी काही दिवसांत आटतात. अशा ठिकाणी फक्त याच डासावर पोट भरणारा प्राणी टिकणं अवघड, आणि तसा तो माहीतही नाही. व्हिक्टोरिया सरोवराच्या परिसरात एक उडी मारणारा कोळी आहे, तो रक्त प्यालेल्या अ‍ॅनाफिलीस माद्या निवडून खातो. पण तोही दुसरे किडे खातो. वटवाघळं आणि पाकोळ्या तर हवेत जे मिळेल ते टिपतात. घानामध्ये संशोधकांनी या डासाला नक्की कोण खातं आणि तो कोणत्या फुलांवर जातो याचाच पद्धतशीर शोध घ्यायला सुरुवात केली, हे मला योग्य वाटतं. अंदाजावर थांबण्यापेक्षा मोजलेलं बरं.

मला स्वतःला जास्त विचार करायला लावतो तो वेगळा प्रश्न. गॅम्बिएची रिकामी झालेली जागा कोण घेणार? याचं एक जुनं, प्रत्यक्ष घडलेलं उदाहरण आहे. १९५० च्या दशकात पूर्व आफ्रिकेत, आजच्या टांझानियातल्या पारे भागात, घरांच्या भिंतींवर कीटकनाशक फवारलं. त्याने अ‍ॅनाफिलीस फ्युनेस्टस हा मलेरियाचा डास जवळपास नाहीसा झाला. त्याच्या जागी त्याचाच जवळचा नातलग अ‍ॅनाफिलीस रिव्ह्युलोरम कित्येक पटींनी वाढला. सुदैवाने तो मुख्यतः जनावरांना चावणारा निघाला, त्यामुळे माणसांचं नुकसान झालं नाही. पण दर वेळी असंच घडेल असं नाही. पश्चिम केनियात औषध लावलेल्या मच्छरदाण्या सर्वत्र आल्यावर गॅम्बिए घटला आणि अ‍ॅनाफिलीस अराबिएन्सिसचा वाटा वाढला. हा माणसालाही चावतो, गुरांनाही चावतो, आणि बराचसा घराबाहेर असतो, म्हणून मच्छरदाणीच्या कक्षेत येत नाही. फ्युनेस्टसही आफ्रिकेत आजही मलेरियाचा मोठा वाहक आहे. त्याची डबकी वेगळी असतात, जास्त काळ टिकणारी, झाडोरा असलेली. त्यामुळे तो गॅम्बिएच्या खुरखड्ड्यांत फारसा शिरणार नाही असं मला वाटतं. पण जिथे मलेरियाचा मोठा भार फ्युनेस्टसवर आहे, तिथे गॅम्बिए कमी होऊनही रुग्ण तितके कमी होणार नाहीत. त्यामुळे हे गावोगाव बदलतं. कुठलाही डास सोडण्याआधी त्या भागात कोणत्या जातीच्या अळ्या कोणत्या डबक्यात आहेत याची किमान काही पावसाळ्यांची नोंद हवी. नाहीतर नंतर झालेला बदल ड्राइव्हमुळे की पावसामुळे हे कुणालाच सांगता येणार नाही.

ड्राइव्ह दुसऱ्या जातीत जाईल का, असंही बरेच जण विचारतात. गॅम्बिए, कोलुझी आणि अराबिएन्सिस या एकाच कुटुंबातल्या जाती, आणि त्यांचा अधूनमधून संकर होतो. गॅम्बिए आणि अराबिएन्सिसच्या संकरातले नर वांझ असतात, पण माद्या पिल्लं देतात, म्हणजे वाट बारीक असली तरी उघडी आहे. कुटुंबाबाहेर मात्र ती वाट नाही, कारण ड्राइव्ह फक्त समागमातून आणि पिल्लांतून पुढे जातो. आपल्याकडचा स्टीफेन्सी आणि गॅम्बिए यांच्यात असा संबंध जुळत नाही. बेडकाने तो डास खाल्ला किंवा तो माणसाला चावला, म्हणून ड्राइव्ह बेडकात किंवा माणसात जात नाही.

पसरण्याला सीमा मात्र नाहीत, आणि माझ्या मते सर्वांत कठीण गोष्ट हीच आहे. मालीमध्ये फुग्यांना जाळी बांधून जमिनीपासून ४० ते २९० मीटर उंचीवर डास पकडले, त्यात मलेरियाचे अ‍ॅनाफिलीसही सापडले, आणि बहुतेक माद्या होत्या. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. रात्रभर वाऱ्यावर वाहत जाणारी मादी शेकडो किलोमीटर ओलांडू शकते. म्हणजे एका देशाने परवानगी दिली तरी डास शेजारच्या देशाची परवानगी विचारायला थांबणार नाही. सोडल्यावर परत बोलावण्याची खात्रीची सोयही नाही. कॅस९ ला अडवणारं प्रथिन बनवणारे 'उलट' डास पिंजऱ्यात ड्राइव्ह थोपवू शकले आहेत, पण त्यासाठीही आणखी एक जनुकबदल केलेला डासच रानात सोडावा लागेल.

याला लागूनच एक मानवी धोका आहे. मलेरिया सतत असलेल्या भागात मोठ्या माणसांत थोडी प्रतिकारशक्ती तयार झालेली असते. डास काही वर्षं घटले, ती प्रतिकारशक्ती ओसरली, आणि मग ड्राइव्हला दाद न देणारे डास परत वाढले, तर मलेरिया पूर्वीपेक्षा जोरात येऊ शकतो. म्हणून ड्राइव्ह आला म्हणून मच्छरदाण्या, तपासण्या आणि औषधं आवरती घेणं हे मला सर्वांत घातक पाऊल वाटतं. दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही लक्षात ठेवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२३ मध्ये मलेरियाने ५ लाख ९७ हजार माणसं गेली, त्यातली सुमारे ९५ टक्के आफ्रिकेत, आणि त्यांत बहुतेक पाच वर्षांखालची मुलं. माझं मत विचाराल तर पिंजऱ्यातलं काम पुढे जावं, आणि मोकळ्यावर सोडायचा निर्णय तो वारा ज्या ज्या देशांतून वाहतो त्या सगळ्यांनी मिळून घ्यावा.

आज जगात कुठेही ड्राइव्ह असलेले डास मोकळ्यावर सोडलेले नाहीत. बुर्किना फासोमधल्या बाना गावात जुलै २०१९ मध्ये सुमारे ६,४०० जनुकबदल केलेले नर सोडले, ते साधे वांझ नर होते आणि त्यांच्यात ड्राइव्ह नव्हता. त्याच देशात ऑगस्ट २०२५ मध्ये पुढच्या टप्प्याचे, तेही ड्राइव्ह नसलेले नर सोडल्यावर काही दिवसांतच सरकारने ते काम थांबवलं.

आणि जालना. २०१७ मध्ये दावलवाडीला जे डास आणले, ते डेंगीचे एडिस इजिप्ती होते आणि चाचणी जाळीबंद पिंजऱ्यातली होती. त्या नरांच्या जनुकामुळे पिल्लं मोठी होण्याआधीच मरतात, आणि ते जनुक नेहमीच्या निम्म्याच्या हिशेबाने चालतं. नवे नर सोडणं थांबवलं की ते आपोआप संपतं. म्हणजे तुम्ही प्रश्नात जे म्हणालात की असं जनुक एक-दोन पिढ्यांत संपायला हवं, ते त्या डासांना तंतोतंत लागू होतं, आणि त्यांची रचना मुद्दामच तशी केली होती.